चष्म्याची नाकावरची गादी

शिवायला वाकल्या की अम्मींचा चष्मा घसरायचा आणि नाकावर लाल वळ उठायचा. आम्ही पाहिले, तर डावी गादी पिवळी पडून कडक झालेली. जुनी गादी दाखवून चष्म्याच्या दुकानातून त्याच मापाच्या, स्क्रूच्या दोन सिलिकॉन गाद्या आणल्या. एकच बदलली तर चष्मा तिरका बसू शकतो. ताटात पांढरा रुमाल पसरला, म्हणजे पडलेला स्क्रू हरवत नाही. घड्याळाच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढला, नवी गादी बसवून हलकेच आवळला. गादी किंचित हललीच पाहिजे. ताठ राहिली तर नाकाच्या उताराला जुळत नाही, टोचते. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर आटे झिजलेत. मग दुकानातच न्यावे.