जांभळा चौकोन आणि बदललेले उत्तर

बारावीनंतर केंद्रीय विद्यापीठांत प्रवेशासाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते. तिच्या 13 भाषांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. श्रीरामपूरच्या माझ्या भाचीने मराठीचा पेपर निवडला. 2025 च्या पद्धतीप्रमाणे 50 प्रश्न, 60 मिनिटे, बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकीला 1 गुण वजा. (नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचा.)

घरी पहिली सराव परीक्षा दिली तेव्हा ती म्हणाली, "मामू, सगळे सोडवले." पण शेवटी चार चौकोन लाल होते. चारही प्रश्नांत तिने पर्याय निवडला होता, मग उजवीकडच्या क्रमांकावर क्लिक करून ती थेट दुसऱ्या प्रश्नावर गेली होती. असे केल्याने उत्तर जतन होत नाही. `SAVE & NEXT` दाबल्यावरच चौकोन हिरवा होतो. चारही उत्तरे बरोबर असती तर 20 गुण हातचे गेले असते.

खूण करण्याची दोन बटणे आहेत आणि त्यांत गल्लत होते. उत्तर दिले आहे पण शंका आहे, तर `SAVE & MARK FOR REVIEW` दाबावे. चौकोन जांभळा होतो आणि त्यावर हिरवी खूण येते. पुन्हा बघायला वेळ मिळाला नाही तरी हे उत्तर तपासले जाते. उत्तर सुचतच नसेल तर `MARK FOR REVIEW & NEXT` दाबावे. तेव्हा चौकोन नुसता जांभळा राहतो, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला तर तो प्रश्न कोराच धरला जातो.

दुसऱ्या सरावाला आम्ही वेळ वाटून घेतली. पहिली फेरी 42 मिनिटांची. उताऱ्यावरचा प्रश्न शक्यतो मागे ठेवायचा नाही, कारण परत आल्यावर पूर्ण उतारा पुन्हा वाचावा लागतो. शब्दार्थ, म्हणी, व्याकरण यांचे प्रश्न मात्र अडले की सोडायचे. त्यांच्याकडे परतायला काही सेकंद पुरतात. या फेरीनंतर 33 प्रश्न हिरवे, 9 खुणेसह जांभळे आणि 8 कोरे राहिले.

पुढची 12 मिनिटे फक्त कोऱ्या आठांसाठी. पाच सुटले. उरलेल्या तिनांत तिने नक्की चुकीचे वाटणारे पर्याय वगळून उरलेल्यांतला एक निवडला. चार पर्यायांत डोळे झाकून चार प्रश्न सोडवले तरी सरासरीने एक बरोबर येतो. म्हणजे 5 मिळतात, 3 जातात, 2 उरतात. त्यामुळे या गुणपद्धतीत कोरे ठेवण्यात फायदा नाही. चुकीला जास्त गुण कापणाऱ्या परीक्षेत मात्र हा हिशेब वेगळा निघेल.

शेवटची 6 मिनिटे त्या नऊ शंकांची. "पहिले मनात आले तेच बरोबर" असे आपण मुलांना सांगतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1,561 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासून 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीची बरोबर झाली होती आणि 25 टक्के बरोबरची चुकीची. म्हणजे बदलणे वाईट नाही. कशावरून बदलतो, ते महत्त्वाचे.

भाचीने तीन उत्तरे बदलली. उताऱ्यात "बहुतेक विहिरी आटल्या" होते आणि तिने "सर्व विहिरी आटल्या" हा पर्याय घेतला होता. शब्दावर बोट ठेवता आले, म्हणून बदल योग्य ठरला. दुसरा प्रश्न होता, "माठातले पाणी गार __." तिने "होता" निवडले होते, कारण घरी आपण "पानी ठंडा था" म्हणतो. मग तिने "हे पाणी" असे म्हणून पाहिले आणि "होते" केले. आपल्या दखनी बोलणाऱ्या मुलांना लिंगाच्या प्रश्नांत पहिले उत्तर अनेकदा घरच्या कानातून सुचते. तिथे "तो, ती, ते" लावून पाहावेच.

तिसरा प्रश्न "उपकार"च्या विरुद्धार्थी शब्दाचा. तिने "अपकार" हे बरोबर लिहिले होते. "इतके सोपे कसे असेल?" म्हणून ते काढून "परोपकार" केले आणि 6 गुण गेले: मिळालेले 5 आणि वरचा 1.

त्यावरून आम्ही एक नियम ठरवला. उताऱ्यातला शब्द, व्याकरणाचा नियम किंवा प्रश्न वाचताना सुटलेला "नाही" दाखवता आला तरच उत्तर बदलायचे. नुसती धाकधूक असेल, किंवा सलग तीनदा "ब" आला म्हणून मन चलबिचल होत असेल, तर हात माऊसवरून काढायचा. शेवटच्या मिनिटात तर काहीच बदलायचे नाही. तेव्हा फक्त लाल आणि नुसते जांभळे चौकोन मोजायचे.

एनटीएच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मोफत आहे. मूल ती देईल तेव्हा शेजारी एक कागद ठेवा आणि बदललेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहायला सांगा. निकाल आल्यावर कोणत्या कारणाने गुण वाढले आणि कोणत्याने गेले, ते त्या कागदावरच दिसेल.