स्वदेशी की निर्यात? आधी मजुरीचे बोला!

मुरबाडच्या आमच्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात वाद झाला. एक कार्यकर्ता म्हणाला, देशाने आपला माल आपणच बनवावा, बाहेरचा माल अडवावा. दुसरा म्हणाला, असे करून भारत चाळीस वर्षे मागे राहिला. कोरियासारखा माल बाहेर विकला असता तर आज चित्र वेगळे असते. दोघेही जय भीमवाले, दोघेही कंत्राटी कामगारांची मुले. पण दोघांच्याही बोलण्यात कामगार कुठेच नव्हता. म्हणून हा लेख.

विकसनशील देशापुढे कारखानदारी उभी करण्याचे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला आयात-पर्यायाचा. जो माल परदेशातून येतो त्यावर जकात लावायची, परवाने लावायचे आणि तो देशातच बनवायचा. दुसरा निर्यातप्रधान मार्ग, म्हणजे जगाच्या बाजारात खपेल असा माल जगाच्या भावात बनवायचा. हे दोन्ही मार्ग पाहायला आपल्याला दिल्लीला जावे लागत नाही. कल्याणहून मुरबाडकडे निघालो की शहाडला रेयॉनचा कारखाना लागतो. परदेशी धाग्याऐवजी देशी धागा, हा त्या काळातला विचार. अंबरनाथला १९५३ साली सरकारने यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना काढला. हा पहिला मार्ग झाला. पुढे मुरबाड एमआयडीसीत या. टेक्नोक्राफ्टच्या कारखान्यात बनणारी लोखंडी पिंपांची झाकणे जगभर जातात. शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे बनतात, तेही परदेशी जातात. हा दुसरा मार्ग.

आता मुद्द्याचा फरक पाहू. देशातल्या बाजारासाठी माल बनत असेल, तर कामगाराचा पगार हा मालकाचा खर्च तर असतोच, पण तो कुणाच्या तरी मालाचे गिऱ्हाईकही असतो. पगार वाढला तर पंखा, सायकल, कापड खपते. निर्यातीच्या कारखान्यात गिऱ्हाईक जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेले असते. तिथे मुरबाडच्या कामगाराचा पगार हा फक्त खर्च उरतो.

हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले आहे. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपया स्वस्त झाल्यावर निर्यात का वाढते याची चिकित्सा केली. भाव आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते. त्या मधल्या अंतरात व्यापाऱ्याला जो नफा होतो तो परदेशातून आलेला नसतो. तो देशातल्याच मजुराच्या ताटातून काढलेला असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हिशेब करून पाहा. समजा, एक वस्तू १० डॉलरला बाहेर विकली जाते आणि डॉलर ७० रुपयांना आहे. हातात आले ७०० रुपये. त्यातले ४०० कच्च्या मालाचे, १०० मजुरीचे, १०० इतर खर्चाचे, नफा १००. आता डॉलर ८० रुपयांचा झाला. विक्री ८०० रुपये झाली. कच्चा माल जगाच्या भावाने मिळतो असे धरले तर तो सुमारे ४५७ रुपयांना पडेल. मजुरी तीच १००, इतर खर्च तोच १००. नफा झाला १४३! कामगाराने कमी काम केले नाही, मालकाने नवे यंत्र आणले नाही, तरी नफा ४३ टक्क्यांनी वाढला. आणि त्याच कामगाराच्या घरातले गोडेतेल महागले, कारण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. निर्यात वाढली ही बातमी खरी असते. पण ती कुणाच्या खिशातून वाढली हे बातमीत नसते.

मग पहिला मार्ग आपला म्हणायचा का? इथेही भाबडे होऊन चालणार नाही. समजा, बाहेरची वस्तू १०० रुपयांची आहे आणि तिच्यावर ५० टक्के जकात लावली. देशी मालक ती १४५ ला विकू शकतो. जास्तीचे ४५ रुपये गिऱ्हाईक भरते, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपणच. हे ४५ रुपये देशाने कारखान्याला दिलेली शिकवणी फी आहे. दहा-पंधरा वर्षांत कारखाना शिकून १०० रुपयांत वस्तू बनवू लागला तर फी वसूल झाली. आपल्याकडे मुदत घातलीच गेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी गाडी मूळच्या फियाटवरून बनलेली. ती तिसेक वर्षे जवळपास तशीच राहिली आणि लोक नंबर लावून थांबत राहिले. स्पर्धाच नाही, तर मालक शिकेल कशाला?

आणि बाजार तरी केवढा होता? ज्या देशात कातकरी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाते, तिथे पंखा घेणार कोण? जमीन नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून बाजार नाही. आयात-पर्यायाचा मार्ग इथे अडला. तो जकातीमुळे जेवढा अडला, तेवढाच जमिनीच्या प्रश्नामुळे अडला.

पहिल्या मार्गाने आपल्याला एक गोष्ट मात्र दिली. अंबरनाथसारख्या सरकारी कारखान्यांत आरक्षण होते. आपल्या समाजातला पहिला फिटर, पहिला टर्नर, पहिला पेन्शनवाला अनेक घरांत याच दारातून आला. मुरबाडच्या खासगी गेटवर ते दार नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे मागितले होते, ते उगाच नाही.

आता कोरिया. कोरियाने बाजार उघडा टाकून प्रगती केली, ही अर्धी गोष्ट आहे. त्यांनी १९५० च्या सुमारास जमीनमालकीवर साधारण तीन हेक्टरची मर्यादा घालून कुळांना जमीन दिली. पुढे आपल्या कारखान्यांना परदेशी मालापासून संरक्षणही दिले. पण स्वस्त कर्ज हवे असेल तर निर्यात करून दाखवा, ही अट घातली. म्हणजे दोन्ही मार्ग एकत्र, आणि फी वसूल करणारा मास्तर कडक. तरीही त्याची किंमत कामगारांनीच मोजली. १९७० साली सोलमधल्या जिऑन ते-इल या तरुण शिवणकामगाराने, देशातला कामगार कायदा निदान पाळा, एवढ्याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतले. कोरियाचे कौतुक करणाऱ्याने हे नावही सांगावे.

म्हणून आमचे म्हणणे असे की ‘स्वदेशी की निर्यात’ हा आपला पहिला प्रश्न नाही. सवलत कुणाला, किती वर्षे आणि बदल्यात काय, हा आपला प्रश्न आहे. ठाणे-मुंबईबाहेर कारखाने जावेत म्हणून राज्य सरकार १९६४ पासून सवलती देत आले आहे. जकात ही जशी सवलत, तशी स्वस्त जमीन हीही सवलतच. तिच्यावर अट हवी: स्थानिक मुलांना कायम नोकरी, कारागिरीचे शिक्षण आणि महागाईबरोबर चालणारी मजुरी.

याची सुरुवात आपल्या हातात आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना दरवर्षी अहवालात सांगावे लागते की त्यांच्या उलाढालीत निर्यात किती टक्के आहे आणि कायम कामगार किती, कायम नसलेले किती. हे अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्या तालुक्यातली जी कंपनी त्या यादीत असेल तिचे पाच वर्षांचे आकडे एका कागदावर मांडा. निर्यात चढत असेल आणि कायम कामगार घटत असतील, तर फी कोण भरतो आहे ते कळेल. मग तो कागद घेऊन पुढच्या अभ्यासवर्गाला या. वाद तिथून पुढे घालू.

जय भीम!