सावधपणाला दंड

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नाला २ गुण असतात. उत्तर चुकल्यास त्यांतील एक तृतीयांश वजा होतात. पर्याय चार असल्याने डोळे मिटून दिलेल्या उत्तरांची गोळाबेरीज सरासरीने शून्यावर येते. इथवर नियम न्याय्यच आहे. अन्याय होतो तो अर्धे ज्ञान असलेल्या सावध विद्यार्थ्यावर.

रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण केव्हा झाले, असा प्रश्न घ्या. पर्याय १९३५, १९४९, १९५५ व १९६९. पैकी १९३५ हे तिच्या स्थापनेचे व १९६९ हे चौदा व्यापारी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे साल, एवढे विद्यार्थी जाणतो. उरलेल्या दोहोंत मात्र घुटमळतो. अशा सहा प्रश्नांत त्याने एकेक पर्याय निवडला, तर सरासरीने तीन बरोबर येऊन ६ गुण मिळतील आणि तीन चुकून २ जातील. निव्वळ लाभ ४ गुणांचा! दंडाच्या धास्तीने तो जागा कोरी सोडतो; तेवढेच ज्ञान असलेला धीट सहाध्यायी पुढे जातो. मोजले जाते ते ज्ञान नव्हे, स्वभाव.

अमेरिकेतील सॅट परीक्षेने २०१६ साली अशी वजावट बंद केली. वजावट नसली की सर्वांनीच सर्व प्रश्न सोडवणे हिताचे ठरते. त्यात दैवाचा भाग थोडा वाढेल, हे खरे. परंतु तो भित्र्या-धीटांत भेद करणार नाही. आयोगाने याचा विचार करावा. तोवर निदान हे साधे गणित शिक्षकांनी वर्गात शिकवावे.