शेवटची नोंद खरी कशी?

मेळघाटातील एखाद्या गावी आरोग्य सेविका सकाळी पोहोचते, घरोघर जाते, बालकांची तपासणी करते आणि प्रत्येक घरची नोंद आपल्या मोबाइलमध्ये करते. त्या गावी मोबाइलचा संपर्क टेकडीच्या माथ्यावर क्षणभर मिळतो आणि उतार लागताच तुटतो. म्हणून अशा कामासाठीचे अ‍ॅप संपर्काची वाट पाहत बसत नाही. नोंद प्रथम फोनमध्येच पक्की होते आणि संपर्क मिळेल तेव्हा मुख्य संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, रवाना होते. या पद्धतीस ‘ऑफलाइन-फर्स्ट’ म्हणतात आणि फोन व सर्व्हर यांतील नोंदी एकमेकांशी जुळवून घेण्याच्या क्रियेला ‘सिंक’. दुर्गम भागासाठी याहून योग्य रचना नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दोन माणसांनी, परस्परांचा संपर्क नसताना, एकाच नोंदीत दोन वेगळे बदल केले तर खरे कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न तिच्या पोटात दडलेला असतो. त्याचे उत्तर बहुधा अ‍ॅप लिहिणारा एखादा तरुण, कोणालाही न विचारता, एका ओळीत देऊन मोकळा होतो.

हे उत्तर किती महागात पडते हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. समजा, उपकेंद्राच्या कपाटात जलसंजीवनीच्या ४० पुड्या आहेत आणि सेविका व आरोग्य सेवक या दोघांच्याही फोनवर ‘शिल्लक ४०’ असे दिसते. सोमवारी दोघे दोन दिशांना जातात. सेविका ७ पुड्या वाटते; तिच्या फोनवर ३३ उरतात. सेवक १२ वाटतो. त्याच्या फोनवर २८ उरतात. मंगळवारी सेवकाला संपर्क मिळतो आणि सर्व्हरवर २८ ची नोंद होते. बुधवारी सेविकेचा फोन जोडला जातो आणि २८ पुसून ३३ लिहिले जातात. ‘शेवटी आलेली नोंद खरी’ हा येथील नियम, आणि तोच सर्वांत अधिक प्रचारात आहे. वस्तुतः कपाटात २१ पुड्या आहेत. महिनाअखेरीस मोजणी झाली की १२ पुड्यांची तूट निघते आणि जाब विचारला जातो तो सेवकाला, कारण त्याने केलेले वाटप कोठेच दिसत नाही. त्याने प्रामाणिकपणे केलेली नोंद यंत्रानेच पुसली, हे सांगावयास त्याच्यापाशी पुरावा उरलेला नसतो.

येथे कोणी म्हणेल की नियम बदलावा; सर्व्हरवर शेवटी पोहोचलेली नोंद न धरता घड्याळाप्रमाणे शेवटी केलेली धरावी. तसे केले आणि सेवकाचे वाटप दुपारचे असले तर उत्तर २८ येईल. तेही चुकीचेच. ३३ आणि २८ यांतून एक निवडण्याचा कोणताही नियम, मग तो कितीही चतुराईचा असो, २१ हे उत्तर देऊच शकत नाही. म्हणजे दोष निवडीच्या नियमात नसून, निवडण्यासाठी जे पुढे ठेवले त्यातच आहे.

पेढीवर काम केलेल्या कोणाही मुनिमाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. दोन गावी दुकाने असलेला व्यापारी दोन्हीकडून केवळ शिल्लक मागवून त्यांतील एक खरी मानीत नाही; तो दोन्हीकडचा रोजमेळ मागवतो आणि खतावणी स्वतः करतो. अ‍ॅपनेही तेच करावयास हवे. फोनने ‘३३ उरल्या’ असे न कळवता ‘७ दिल्या’ असे कळवावे; दुसऱ्याने ‘१२ दिल्या’. सर्व्हरने ४० मधून दोन्ही वजा करावेत. आधी ७ वजा करा वा आधी १२, उत्तर २१ च. कोणाची नोंद मंगळवारी पोहोचली आणि कोणाची बुधवारी याला काही महत्त्वच उरत नाही, आणि भांडणच नाहीसे झाल्यावर निवाड्याचे कारण पडत नाही. संगणकशास्त्रात या विचाराला भक्कम गणिती पाया आहे. मार्क शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा रचनांचा सिद्धांत मांडला. ज्यांच्या प्रती कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी अखेर सर्वत्र एकच उत्तर येते, अशा या रचना ‘सीआरडीटी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जातात.

मात्र या सुधारणेबरोबर एक नवा धोका ओघानेच येतो. सेविकेचा फोन ‘७ दिल्या’ ही नोंद पाठवतो. सर्व्हर ती लिहून घेतो. परंतु ‘पोहोचली’ हा निरोप परत येण्यापूर्वीच संपर्क तुटतो. फोनला वाटते नोंद गेलीच नाही, आणि तो ती पुन्हा पाठवतो. आता सर्व्हरवर १४ पुड्या गेलेल्या दिसतात. शिल्लक पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत ३३ हा आकडा दहादा पाठवला तरी तो ३३ च राहत असे. व्यवहार पाठवण्याच्या पद्धतीत मात्र प्रत्येक पुनरावृत्ती हिशेब बिघडवते. यावरचा उपाय कचेरीतील कारकुनांना तोंडपाठ आहे. पत्र दुसऱ्यांदा आले तर आवक विभाग त्याला नवा आवक क्रमांक देऊन मोकळा होईल. पण पाठवणाऱ्या कार्यालयाचा जावक क्रमांक पाहिला तर दोन्ही पत्रे एकच हे तत्काळ ध्यानात येते. तसाच प्रत्येक नोंदीला जावक क्रमांक हवा. तो सर्व्हरने द्यावयाचा नसून, नोंद होताक्षणी फोननेच द्यावयाचा असतो. दोन फोनांचे क्रमांक एकच निघू नयेत म्हणून १२८ बिटांचा एक लांबलचक यादृच्छिक क्रमांक वापरतात. तो क्रमांक पूर्वी पाहिलेला असला की सर्व्हरने ‘पोहोचली’ एवढेच उत्तर द्यावे आणि वहीत काही लिहू नये.

बेरीज-वजाबाकीने न सुटणाऱ्या नोंदीही असतात. एका बालकाची जन्मतारीख सेविकेने ३ मार्च अशी दुरुस्त केली आणि त्याच आठवड्यात अंगणवाडीतून ती ८ मार्च अशी दुरुस्त झाली. येथे एकच तारीख खरी आहे. फोनच्या घड्याळावर विसंबावे, तर बॅटरी संपून पुन्हा सुरू झालेला जुना फोन भलतीच तारीख दाखवू शकतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले की दूरदूरच्या यंत्रांवरील घटनांचा क्रम लावताना घड्याळापेक्षा ‘कोणत्या घटनेचा परिणाम कोणत्या घटनेवर होऊ शकला असता’ हे पाहणे अधिक भरवशाचे. अंगणवाडीत दुरुस्ती करताना सेविकेची ३ मार्चची नोंद त्या फोनवर पोहोचलेली होती काय? असेल, तर ती जाणूनबुजून केलेली पुढची दुरुस्ती आहे आणि ८ मार्च हीच धरावी. नसेल, तर दोघींनी एकमेकींस न कळता लिहिले. आणि खरा संघर्ष तो एवढाच.

असा संघर्ष ओळखूनही यंत्र काय करते हे पाहण्यासारखे आहे. या कामी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी काउचडीबी ही डेटाबेस-प्रणाली दोन्ही नोंदी जपून ठेवते, हा तिचा मोठा गुण. परंतु पडद्यावर दाखवण्यासाठी ती त्यांतली एक निवडते. जिच्या मागे दुरुस्त्यांची साखळी अधिक लांब ती जिंकते. साखळ्या सारख्या असतील तर दोन आवृत्त्यांच्या अक्षरांकित क्रमांकांत जो वर्णक्रमाने मोठा, त्याची नोंद जिंकते. सत्याशी याचा संबंध शून्य! ही एक सोडतच आहे, फक्त प्रत्येक यंत्रावर तीच चिठ्ठी निघते एवढेच. हरलेली नोंद नष्ट होत नाही. पण अ‍ॅप लिहिणाऱ्याने `?conflicts=true` असे लिहून ती मुद्दाम मागितली नाही, तर ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. प्रणालीच्या कर्त्यांनी माणसाला निवाड्याची संधी ठेवली आहे. ती घेतली जाते की नाही हे अ‍ॅप करवून घेणाऱ्यावर अवलंबून आहे. आणि निवाडा कोणी करावा? जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या कोणी नव्हे. दोन्ही तारखा, त्या लिहिणाऱ्यांच्या नावांसह, त्या घरी जाऊन जन्मदाखला पाहू शकेल अशा व्यक्तीपुढे आल्या पाहिजेत.

याउलट बालकाच्या वजनाबाबत होणारे पुष्कळसे संघर्ष मुळात खोटे असतात. सोमवारी ७.४ किलो आणि गुरुवारी ७.६ किलो ही दोन्ही वजने खरी असू शकतात. अर्जात ‘वजन’ असा एकच रकाना ठेवला म्हणून एकाने दुसऱ्यास पुसले. तारखेसह स्वतंत्र नोंदी ठेवल्या असत्या तर दोन्ही नांदल्या असत्या.

नोंद काढून टाकणे हा तर आणखी अवघड प्रकार. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या ‘डायनॅमो’ प्रणालीविषयी लिहिलेल्या निबंधात प्रांजळपणे सांगितले आहे की, ग्राहकाच्या टोपलीच्या दोन प्रती एकत्र करताना घातलेली वस्तू कधी हरवत नाही, पण काढलेली वस्तू कधीकधी परत उगवते. दुकानदाराला हा सौदा परवडतो. आरोग्याच्या यादीत मात्र कुटुंबाबरोबर कामासाठी परगावी गेलेले बालक एका फोनवरून कमी केले आणि दुसऱ्या, महिनाभर बंद असलेल्या फोनवरून पुन्हा यादीत आले, तर लसीकरणाची टक्केवारी घसरते आणि ठपका सेविकेवर येतो. म्हणून नोंद काढणे हीदेखील एक नोंदच असावी लागते. ती किती काळ जपावी याला मात्र सोपे उत्तर नाही. खणात पडून राहिलेला शेवटचा फोन जोडला जाईपर्यंत ती टाकता येत नाही.

आणि जेथे वस्तूच मर्यादित आहे, तेथे कोणतीही हिशेबपद्धत अपुरी पडते. एकच उरलेली जागा दोन ठिकाणी, संपर्काविना, दोघांना दिली गेली तर नंतरची बेरीज ती दोन करू शकत नाही. तेथे वाटणी आधीच करून ठेवावी लागते: २० पुड्या या फोनच्या, २० त्या फोनच्या. अन्यथा नुकसानीची सीमा तरी आखून ठेवावी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये संपर्काविना होणाऱ्या देयकांना परवानगी देताना एका व्यवहारास २०० रुपये आणि एकूण २,००० रुपये अशी मर्यादा घातली होती; पुढे ती वाढवण्यात आली. धोका शून्य होत नाही हे मान्य करून तो किती सोसावयाचा याचा आकडा येथे उघडपणे ठरवला गेला. सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या इतर अ‍ॅपांबाबतही एवढी स्पष्टता मागणे गैर नाही. कोणाची नोंद राहील आणि कोणाची पुसली जाईल हे धोरण आहे. ते निविदेत लिहिलेले असले पाहिजे.

लिहिलेले पाळले गेले की नाही हे तपासण्यास तज्ज्ञ लागत नाही. स्वीकृतीपूर्वी खरेदी समितीच्या कारकुनाने दोन फोन घ्यावेत, दोन्हींवर शिल्लक ४० आहे हे पाहावे आणि दोन्ही विमान-मोडवर टाकावेत. एकावर ७ व दुसऱ्यावर १२ पुड्यांचे वाटप लिहावे, एका फोनचे घड्याळ मुद्दाम एक दिवस मागे न्यावे, आणि मग दोन्ही फोन जोडावेत. दोन्हींवर २१ दिसले तर पुढची परीक्षा घ्यावी: आणखी ५ पुड्यांची नोंद पाठवता पाठवता संपर्क तोडावा, पुन्हा जोडावा, आणि असे चार-पाच वेळा करावे. शिल्लक १६ वर स्थिर राहते की ११ व ६ अशी घसरत जाते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि बिलावर सही करावी की नाही हे तेथेच ठरवता येईल.