काय हा अवतार!

‘काय हा अवतार केलायस!’ असे आपल्या घरांत मुलीला ऐकवले जाते ते तिचे केस विस्कटलेले असले, ओढणी कशीही टाकलेली असली की. मोबाईलने या शब्दाला नेमका उलटा अर्थ दिला आहे. मोबाईलमधला अवतार म्हणजे आपले नीटनेटके, हसरे कार्टून. व्हॉट्सॲपने ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये आणली. आपण त्वचेचा रंग, केस, डोळे, अंगलट, कपडे निवडायचे आणि मग बोलण्याऐवजी त्या चित्राचे स्टिकर पाठवायचे. वरवर पाहता हा खेळ आहे. पण लाजऱ्याबुजऱ्या मुलीच्या बाबतीत हा खेळ कुठे जाऊ शकतो यावर किशोरी गटांत बोलता यावे, म्हणून मी एक छोटी गोष्ट लिहिली. ती आधी सांगते.

वैष्णवी नववीत आहे. रंगाने सावळी. लहानपणी चहाचे आधण अंगावर सांडल्यामुळे डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा वण आहे. वर्गात ती बोलत नाही. एका सुट्टीत आईच्या मोबाईलवर ती आपला अवतार बनवते. रंग प्रामाणिकपणे स्वतःचाच निवडते. चष्मा मिळतो, दोन वेण्या मिळतात, पण वण काही मिळत नाही. यादीत तो नाहीच. म्हणजे वण तिने लपवलेला नाही, तो ठेवायची सोयच कोणी केलेली नाही.

वर्गाच्या ग्रुपवर ती पहिला स्टिकर टाकते आणि मैत्रिणी बदाम पाठवतात. हळूहळू ती त्या चित्राच्या आडून बोलू लागते. शाळेच्या संडासाला कडी नाही, ही गोष्ट ग्रुपवर सगळ्यांत आधी तीच मांडते. एरवी तिने ती कुणाला सांगितली नसती.

पुढे एकेक गोष्ट बदलते. एके दिवशी चष्मा निघतो. महिन्याभराने रंग एक छटा उजळ होतो, मग आणखी एक. प्रत्येक बदल इतका लहान की तिला स्वतःलाही तो खोटेपणा वाटत नाही. सुरुवातीला ती त्या चित्राबद्दल बोलताना ‘ती’ म्हणायची: “बघ, तिला निळा ड्रेस घातलाय.” पावसाळा संपेपर्यंत ‘मी’ म्हणू लागते: “मी निळ्या ड्रेसमध्ये छान दिसते.” आणि सहलीचा फोटो पाहून एकदा म्हणते, “ही मी वाटतच नाही.” त्यानंतर ती फोटोत उभी राहत नाही.

मैत्रिणींनो, माझ्या मते गोष्टीचे वळण त्या सर्वनामात आहे. आपण गोऱ्या रंगावर बोलतो, जाहिरातींतल्या नटीवर बोलतो. पण जाहिरातीतली नटी ही दुसरी बाई असते. तिच्यासारखे व्हावेसे वाटले तरी ती आपण नाही हे मुलीला पक्के ठाऊक असते. अवताराचे तसे नाही. त्याचे डोळे, वेण्या, हसणे तिचेच असते. चित्र जितके तिच्यासारखे, तितके ते आरशाची जागा लवकर घेते. परीकथेतली राणी होऊन खेळणाऱ्या मुलीपेक्षा ‘जवळजवळ मीच’ असे चित्र बनवणाऱ्या मुलीकडे आपले अधिक लक्ष हवे.

हा केवळ माझा कयास नाही. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की माणसाला आभासी जगात जे रूप दिले जाते त्याप्रमाणे त्याचे वागणे बदलते. देखणे रूप मिळालेले लोक अनोळखी माणसाच्या अधिक जवळ गेले, स्वतःबद्दल अधिक बोलले. उंच रूप मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताणून धरले. २००९ मध्ये त्यांना असेही आढळले की हा परिणाम तिथून बाहेर पडल्यावर, समोरासमोरच्या घासाघिशीतही काही वेळ टिकला. वैष्णवीला कंठ का फुटला, हे यावरून उमगते.

दुसरी बाजू जेसी फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात दिसते. त्यांनी स्त्रियांना आभासी आरशासमोर उभे केले. काहींच्या अवताराला अंगप्रदर्शन करणारे कपडे होते, काहींच्या साधे. काही अवतारांना त्या स्त्रीचाच चेहरा लावला होता, काहींना परका. उघड्या कपड्यांतला अवतार मिळालेल्या स्त्रियांच्या मनात नंतर स्वतःच्या शरीराचेच विचार अधिक आले. आणि त्या अवताराला स्वतःचा चेहरा होता तेव्हा बलात्काराचा दोष बाईवरच टाकणाऱ्या समजुतींना त्यांनी अधिक होकार दिला. स्वतःच्या चेहऱ्याने काय होऊ शकते ते इथे दिसते. अर्थात हे प्रयोग थोड्या वेळाचे होते आणि आपल्या वस्तीतल्या मुलींवर झालेले नव्हते. महिनोन्‌महिने वापरलेल्या अवताराबद्दल त्यावरून छातीठोक निष्कर्ष काढू नये. पण लक्ष कुठे ठेवायचे, एवढे ते नक्की सांगतात.

म्हणून कार्यकर्तीने मोबाईलचे तास मोजत बसू नये. अवतारात बदल कोणत्या दिशेने होत आहेत ते पाहावे. आज निळे केस, उद्या टोपी, परवा मिशी असे चालले असेल तर तो खेळ आहे. बदल एकाच दिशेने, उजळ आणि बारीक होत जात असतील आणि मुलगी मागे फिरत नसेल, तर थांबून विचारावे. तिच्या शरीराच्या हालचालीही पाहाव्यात. गालावर ओढणी धरणे, गटाच्या फोटोच्या वेळी चहा आणायला जाणे, ओळखपत्राच्या फोटोची टाळाटाळ करणे. आणि ‘मी’ ती कोणाला म्हणते, ते ऐकावे.

हे लक्षात आले की घरचे पहिली गोष्ट करतात ती मोबाईल काढून घेण्याची. आपल्यातल्याही काहीजणी तेच सुचवतील. माझा त्याला विरोध आहे. वैष्णवीचा मोबाईल गेला तर वण जाणार नाही, संडासाच्या कडीबद्दल बोलणारा आवाज मात्र जाईल. आणि ‘मोबाईलमुळे मुलगी बिघडली’ हे वाक्य एकदा घरात शिरले की शाळा बंद आणि स्थळ बघणे सुरू, हा क्रम आपल्याला नवा नाही. ‘तू जशी आहेस तशीच सुंदर आहेस’ हे सांगूनही काम होत नाही, कारण त्यातही मोजमाप सौंदर्याचेच राहते. करायचे ते इतकेच की चित्राच्या आडून ती जे बोलली ते तिच्या चेहऱ्यानिशी बोलायची जागा तयार करायची. संडासाच्या कडीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे नेणाऱ्या चारजणींत वैष्णवी असली पाहिजे. आधी मागे उभी राहील, पण असेल.

गोष्टीचा शेवट मी मुद्दाम बांधलेला नाही. वैष्णवी दहावीत जाते. बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो हवा, म्हणून ती आईबरोबर स्टुडिओत जाते. फोटो काढून झाल्यावर फोटोवाला सहजपणे विचारतो, “डाग साफ करून देऊ का?” हा प्रश्न मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. लग्नासाठी मुलीचा फोटो काढताना तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. आई म्हणते, “करा की.” वैष्णवी गप्प.

इथे वाचन थांबवावे आणि मुलींना विचारावे: ती काय म्हणेल? काहीजणी म्हणतील, साफ करू दे. त्यांना दटावू नये. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक फोटो आणि चेहरा ताडून पाहतात तेव्हा कोणता चेहरा घेऊन जायचे, एवढेच त्यांना पुढे विचारावे.