मथळ्यातला गळलेला ‘द’

मा. संपादक,


आपल्या दैनिकाच्या गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर ‘अवकाळीने द्राक्षबागा उध्वस्त’ असा आठ कॉलमी मथळा आहे. बातमी चांगली आहे. बांधावर जाऊन, शेतकऱ्यांशी बोलून लिहिलेली आहे. मात्र मथळ्यातला शेवटचा शब्द चुकला आहे. तो ‘उद्ध्वस्त’ असा हवा होता.

मी बत्तीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काम केले. त्यामुळे ही चूक का होते, हे मला माहीत आहे. ‘ध्वस्त’ म्हणजे नाश पावलेला; ‘विध्वंस’ त्याच घरातला. त्याला ‘उद्’ हा उपसर्ग लागून ‘उद्ध्वस्त’ होतो. ‘उद्घाटन’ लिहिताना कोणी ‘द्’ गाळत नाही, कारण ‘द्’ आणि ‘घ’ कानाला वेगळे ऐकू येतात. ‘द्’ आणि ‘ध’ मात्र जिभेच्या एकाच जागी उच्चारले जातात. शिवाय जोडाक्षराच्या आधीच्या ‘उ’वर आघात येतो. म्हणून ‘उध्वस्त’ लिहिले तरी आपण ते जवळजवळ ‘उद्ध्वस्त’सारखेच वाचतो. इथे कानावर विसंबून चालत नाही, शब्दाची फोडच करावी लागते. ‘उज्ज्वल’मधला एक ‘ज’ याच कारणाने गळतो. तिथे ‘उद्’मधल्या ‘द्’चा ‘ज्’ झालेला असतो.

‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ यांचेही असेच आहे. शेवटचे ‘त्व’ बाजूला केले की ‘महत्’ आणि ‘तत्’ उरतात. त्यांचा ‘त्’ आणि ‘त्व’मधला ‘त्’, असे दोन ‘त’ लागतात. पण ही खूण न पाहता जोर म्हणून सगळीकडे दोन ‘त’ देणारेही भेटतात. ‘नेतृत्व’मधून ‘त्व’ काढले की ‘नेतृ’ उरते, तिथे दुसरा ‘त’ येणार कुठून?

अर्थ कळला ना, मग एवढे काय, असे कोणी म्हणेल. अर्थ कळला, हे खरेच आहे. भाषा बदलते, हेही मला मान्य आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि ‘कवि’, ‘गुरु’ एकेकटे लिहिताना ‘कवी’, ‘गुरू’ झाले. पण तो बदल चर्चा करून, नियम करून झाला. आपल्या मथळ्यातला बदल तसा नाही. त्याच बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘उद्ध्वस्त’ अगदी बरोबर छापला आहे. म्हणजे आपल्या कचेरीत हा शब्द नीट ठाऊक आहे. मजकूर तपासला गेला, मथळा मात्र तपासणीतून निसटला, असा माझा अंदाज आहे. रात्री उशिरा जागेच्या हिशेबाने मथळा बदलतो आणि बदललेला मथळा पुन्हा मुद्रितशोधकाकडे जात नाही. माझ्या नोकरीत मी हे अनेकदा पाहिले आहे.

मोठ्या टायपातली चूक तर डोळ्यांना आणखी चकवते. बारीक मजकूर आपण अक्षर लावून वाचतो, मथळा मात्र एका नजरेत घेतो आणि मनातला शब्दच कागदावर पाहतो. यावर आमचा एक साधा उपाय होता. मथळा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायचा आणि प्रत्येक जोडाक्षर फोडून म्हणायचे: उ, द् ध् व, स् त. एका मथळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

हे पत्र लिहायला मला भाग पाडले ते शेजारच्या मुलीने. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सराव प्रश्नपत्रिकेत ‘शुद्ध शब्द ओळखा’ या प्रश्नात तिने ‘उध्वस्त’वर खूण केली आणि उत्तर चुकले. ते तिला पटेना, म्हणून आपला अंक घेऊनच ती माझ्याकडे आली. ‘काका, पेपरात पहिल्या पानावर असंच छापलंय,’ म्हणाली. मी तिला तिसरा परिच्छेद दाखवला. ‘मग यातलं खरं कुठलं धरायचं?’ असे तिने विचारले. शब्दाची फोड करून मी तिला उत्तर दिले, पण तो प्रश्न खरे तर आपल्याला आहे. छापलेले ते बरोबर, या विश्वासाने मुले वर्तमानपत्र वाचतात.

आपल्याला दोनच विनंत्या आहेत. एक, या शब्दाची दुरुस्ती पहिल्या पानावरच, दोन ओळींत का होईना, छापावी. दुसरी, मथळ्यात शेवटचा बदल झाल्यावर तो मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पान छपाईला सोडू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक, नाशिक