दर तोच राहतो, मग बॉक्समधलं काय बदलतं?

वसई, नालासोपारा, विरारच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याच्या किराणा बॉक्सच्या जाहिराती फिरतात. एकदाच पैसे भरा. डाळ, तेल, साखर आणि आठवड्याची भाजी घरपोच. भाव वाढले तरी दर तोच. बांधलेल्या पगारात घर चालवणाऱ्यांना हे पटतं, आम्हालाही पटतं. पण बाजारातला भाव कुणाच्या शब्दाने थांबत नाही. वाढलेला पैसा कुणीतरी भरतोच. तो कोण, एवढंच पाहायचं.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण रेशन दुकानातलं आहे. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि पामतेल एक लिटर होतं. २०२३ च्या दिवाळीत दर शंभरच राहिला, आणि मैदा व पोहे वाढले. चारचे सहा जिन्नस झाले म्हणून बरं वाटलं. पण साखर आणि तेल सोडलं तर बाकीचे चारही जिन्नस अर्धा-अर्धा किलो होते. म्हणजे पिशवीचं वजन जवळपास तेवढंच, आणि चणाडाळ निम्मी. इथे फरकाचा पैसा सरकार भरत होतं, तरी हे झालं. पुढे २०२५ च्या दिवाळीत तिजोरीवर ताण आला आणि शिधा मिळालाच नाही.

खासगी बॉक्सवाल्यामागे तर तिजोरीही नसते. समजा, बॉक्स २५०० रुपयांचा आहे आणि त्यात महिन्याला १६ किलो भाजी, पैकी ४ किलो टोमॅटो धरला आहे. तीस रुपये भाव असेल तर टोमॅटोचे १२० रुपये होतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरच्या पुढे गेला होता. शंभरच धरले तरी ४०० झाले. एका घरामागे २८० रुपयांचा खड्डा, शंभर घरं असतील तर २८ हजारांचा. एवढं नुकसान छोटा व्यापारी खिशातून भरणार नाही. तो टोमॅटो कमी करून दुधी आणि कोबी वाढवतो. वजन १६ किलो भरतं, दर तोच राहतो, शब्दही मोडत नाही. फक्त घरातली बाई सालनासाठी स्टेशनबाहेरून टोमॅटो वेगळा आणते. वाढलेला भाव शेवटी तिनेच भरला.

किराण्यात हे इतकं उघड दिसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. अशा वेळी सूर्यफुलाच्या जागी पामतेल येतं, किंवा पाकीट बारीक होतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं; पाकिटावर ८५० किंवा ८०० ग्रॅम छापलेलं असेल तर तो लिटर नाही. तूरडाळीत ब्रँड जाऊन सुटी डाळ येते, आणि तिच्यात तुकडा जास्त निघतो.

म्हणून आमच्या मते किराणा आणि भाजी एकाच दरात बांधूच नये. डाळ, साखर, तांदूळ टिकतात. व्यापारी एकदम खरेदी करून ठेवू शकतो, त्यामुळे तीन महिन्यांचा दर त्याला परवडतो. भाजी टिकत नाही. पावसाळ्यात वसईच्या वाड्यांत पाणी भरलं की पालेभाजी कुजते, आणि घाटावरची आवक घटली की टोमॅटो चढतो. तेव्हा भाजीचा हिशेब त्या आठवड्याच्या बाजारभावानेच व्हावा. घरपोच आणण्याची मजुरी वेगळी लिहा, ती ठरलेली असू द्या.

पैसे आगाऊ देताना जिन्नस, प्रत, वजन आणि तारीख ठरलेली हवी, ही सलमच्या व्यवहाराची जुनी अट आपल्याला माहीत आहे. ‘मोसमी भाजी ४ किलो’ एवढ्याने ती पुरी होत नाही. यादीत टोमॅटो किती, कांदा किती, तेल कोणतं, हे लिहून घ्या. एखादी वस्तू नसेल तर तिच्या जागी दुसरी द्यायची की पैसे पुढच्या महिन्यात वळते करायचे, हेही आधीच ठरवा. पहिले दोन महिने बॉक्स घरी वजन करून घ्या आणि त्याच दिवशीचे भाव वहीत शेजारी लिहा.

ही वही थंडीत जास्त कामाला येते. डिसेंबर-जानेवारीत मटार, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो उतरतात. तेव्हा ठरलेल्या दरातला फायदा बॉक्सवाल्याचा असतो. पावसाळ्यात भाव वाढले म्हणून टोमॅटो काढणारा थंडीत त्याच पैशांत भाजी वाढवून देतो का? देत असेल तर बॉक्स चालू ठेवायला हरकत नाही.